शून्य आणि रिकामं यात फरक असतो हो!

परवा भाचीचं प्रगतीपुस्तक पाहिलं आणि टाळकंच सटकलं. बाबांच्या बदलीमुळे ती दुसऱ्या सत्रात नव्या शाळेत आली. त्या सत्रात १०० पैकी ६६ गुण, पण पहिल्या सत्राच्या रकान्यात चक्क ०! सरासरी ३३, नंबर शेवटचा. एक्सेलचं `AVERAGE` रिकामी चौकट सोडून देतं, पण शून्य मात्र हिशेबात धरतं. न दिलेल्या परीक्षेत पोरगी नापास!

ताईने भांडून ते शून्य पुसायला लावलं. आता सरासरी ६६. प्रमाणात वाढवून २०० पैकी १३२ धरले तरी टक्के तेच. सगळे खूश. मी नाही.

कारण पहिल्या सत्राचे पेपर सोपे होते. तेव्हा वर्गाची सरासरी ७२ होती, दुसऱ्या सत्रात ६०. वर्गातल्या एका मुलाला ७६ आणि ६२ गुण, सरासरी ६९. म्हणून तो भाचीच्या वर. पण दोघांनी दिलेल्या एकमेव परीक्षेत भाची ४ गुणांनी पुढे आहे! सोप्या पेपरांचा फायदा त्याला मिळाला, तिला मिळालाच नाही.

तेव्हा मास्तर, प्रत्येक सत्रात मूल वर्गाच्या सरासरीपेक्षा किती वर आहे ते मोजा. तो +४ आणि +२, म्हणजे सरासरी +३. भाची +६. एकाच सत्रावरचा अंदाज कच्चा असतो, हे मान्य. मग नंबरापुढे 'एका सत्रावरून' असं लिहा की! पण दोन वेगळ्या परीक्षांचे गुण एकाच तराजूत टाकून त्याला न्याय म्हणू नका.

असो.