गुलाबपाणी आणि सुवासिक पाणी

गुलाबपाणी या एकाच नावाखाली आज दोन भिन्न पदार्थ विकले जातात. एक पाकळ्यांच्या वाफेतून उतरलेले असते. दुसरे म्हणजे साध्या पाण्यात मिसळलेले कृत्रिम सुगंधी द्रव्य. दुसरे कोणी विकू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यास गुलाबपाणी म्हणू नये. त्या नावामुळे दारच्या गावठी गुलाबाचे मोल उगाच घटते.

खरे गुलाबपाणी घरीही निघते. त्यासाठी गावठी, वासाचा गुलाबच हवा. हारगुच्छांच्या लांब देठाच्या फुलांना बहुधा वास बेताचा असतो, आणि त्यांवर औषधांची फवारणीही झालेली असते. फुले सूर्य वर येण्यापूर्वी तोडावीत. उन्हाने सुगंध उडून जातो.

स्टीलच्या पातेल्यात मधोमध अडणी ठेवून तीवर रिकामा वाडगा ठेवावा. भोवती पाव किलो पाकळ्या पसरून त्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे; ते उकळून वाडग्यात शिरता कामा नये. झाकण उलटे, मूठ वाडग्यावर येईल असे बसवून त्यावर बर्फ किंवा गार पाणी ठेवावे व ते तापताच बदलावे. वाफ झाकणाला लागून निवते आणि मुठीवरून वाडग्यात ठिबकते. आच मंदच हवी. पाकळ्यांच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी जमले की थांबावे. लोभाने पुढे उतरवीत गेल्यास फिके, उकडलेल्या भाजीच्या वासाचे पाणी येऊन आधीचेही बिघडते. पातेल्यात उरलेले रंगीत पाणी हा केवळ काढा होय. तो गाळून बाटलीत भरणे हीही फसवणूकच.

ओळखावे कसे? वाफेबरोबर रंग येत नाही, म्हणून खरे गुलाबपाणी निर्मळ, बिनरंगी असते. गुलाबी दिसले की त्यात रंग किंवा काढा आहे असे समजावे. चमचाभर पाणी स्वच्छ ताटलीत मंद आचेवर आटवावे. चिकट थर अथवा डाग उरल्यास त्यात वाफेखेरीज काही आहे. मात्र काहीच उरले नाही म्हणून ते खरे ठरत नाही. गुलाबपाण्याला मुख्य वास देणारे फेनिल एथिल अल्कोहोल पाण्यात विरघळते, कारखान्यातही तयार होते, आणि आटवताना मागे राहत नाही. तेव्हा अशा पाण्याची खातरी नाकाने वा ताटलीने होत नाही; ते उतरवताना पाहिलेले असावे लागते.

घरचे पाणी उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून शीतपेटीत ठेवावे. गढूळपणा किंवा तंतू दिसताच फेकून द्यावे. ते निर्जंतुक नसते, म्हणून डोळ्यांत मुळीच घालू नये. ही गोष्ट ग्रामसेवकांनी घरोघरी आवर्जून सांगावी, कारण डोळे आले की गुलाबपाणी घालण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे.