उपवासानंतर पोट साफ होत नाही?

सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचे वेफर्स, संध्याकाळी वडे आणि मधे दोन-तीनदा चहा. एकादशीला तुमच्याही घरी असेच असते का? मग दुसऱ्या दिवशी शौचाला कुंथावे लागले तर नवल नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला निव्वळ स्टार्च. तो काढताना कंदाचा चोथा वेगळा केला जातो, त्यामुळे मल मऊ ठेवणारे तंतू साबुदाण्यात जवळजवळ उरतच नाहीत. सोललेल्या बटाट्यातही ते कमीच असतात, आणि तळलेले पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात.

यंदा थोडा बदल करून पाहा. सकाळी राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ आणि दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर घ्या. दुपारी सालीसकट उकडलेले रताळे आणि ताक, मधल्या वेळी पेरू किंवा पपई, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. खिचडी हवीच असेल तर एकदाच, वाटीभर खा. दिवसभर पाणी मात्र पीत राहा, कारण तंतू वाढले आणि पाणी कमी पडले तर मल उलट घट्ट होतो.

शौचातून रक्त पडले किंवा पोट फुगून दुखू लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.