भांडणाला वाट द्या

मुलांनो, मंडईबाहेर एकाच मोकळ्या जागेसाठी दोन स्कूटरवाले भांडताहेत. "मी आधी आलो!" "जागा काय तुझ्या बापाची?" बघता बघता बघ्यांचं कोंडाळं जमतं. आता चारचौघांत माघार घ्यायची दोघांनाही लाज वाटते, म्हणून आवाज आणखी चढतो.

अशा वेळी कोण खरं, कोण खोटं हे ठरवत बसू नका. आधी कोंडाळ्यातून बाहेर या. ओळखीच्या दुकानदारकाकांना बोलवा. त्यांनी एकालाच बाजूला घेऊन हळू म्हणावं, "दादा, तिकडे जागा आहे, चला दाखवतो." म्हणजे हार न मानता त्याला निघता येतं.

पण कुणी कॉलर धरली, दगड उचलला, तर मध्ये पडू नका. लांब जा आणि मोठ्यांना ११२ वर फोन करायला सांगा.