खुला प्रस्ताव (भांडवल बाजार)

शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीचे नियंत्रण नव्या खरेदीदाराकडे जाते, तेव्हा त्याने उर्वरित सार्वजनिक भागधारकांचे शेअरही ठरावीक भावाने विकत घेण्याची तयारी दाखवावी लागते. या सक्तीच्या खरेदीस खुला प्रस्ताव म्हणतात; बाजारात ‘ओपन ऑफर’ हा शब्द अधिक रूढ आहे. भारतात याचे नियमन सेबीच्या २०११ च्या नियमावलीनुसार होते. मतदानाचे २५ टक्के वा त्याहून अधिक हक्क हाती आले, किंवा हक्क कितीही असले तरी नियंत्रण मिळाले, की किमान २६ टक्के शेअरसाठी प्रस्ताव द्यावा लागतो. २५ आणि २६ मिळून ५१ होतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एनडीटीव्हीच्या प्रकरणात या नियमाचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधान कमर्शियल ही कंपनी घेतली. तिने अनेक वर्षांपूर्वी प्रणय व राधिका रॉय यांच्या आरआरपीआर होल्डिंगला सुमारे ४०० कोटी रुपयांचे कर्ज दिले होते आणि त्याबदल्यात त्या कंपनीचे शेअर मिळवून देणारी वॉरंट तिच्याकडे होती. ती वापरल्यावर आरआरपीआरकडील एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर अप्रत्यक्षपणे अदानी समूहाकडे गेले. एनडीटीव्हीचा एकही शेअर थेट विकला गेला नव्हता. तरीही २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेल्याने २९४ रुपये दराने २६ टक्के शेअरसाठी प्रस्ताव द्यावा लागला.

अडचण भावाची होती. प्रस्तावाचा किमान भाव ठरवताना खरेदीदाराने अलीकडे दिलेली किंमत आणि आधीच्या ६० व्यवहार दिवसांचा सरासरी बाजारभाव यांसारखे निकष पाहतात. भाव झपाट्याने चढत असेल, तर सरासरी मागे राहते. घोषणेच्या वेळीच बाजारभाव २९४ पेक्षा बराच वर होता. अशा वेळी शेअर थेट बाजारात विकणे फायद्याचे ठरते आणि प्रस्ताव ही केवळ औपचारिकता उरते. ५ डिसेंबरला मुदत संपली, तेव्हा सुमारे ५३ लाख शेअर, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास, जमा झाले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस रॉय दाम्पत्याने २७.२६ टक्के शेअर ३४२.६५ रुपये दराने समूहाला विकले. येथे नियमावलीतील एक फारसे परिचित नसलेले कलम लागू पडले. प्रस्ताव संपल्यापासून २६ आठवड्यांत खरेदीदाराने वाटाघाटीने अधिक भाव दिला, तर प्रस्तावात शेअर देणाऱ्यांनाही फरक द्यावा लागतो. त्यानुसार त्यांना प्रतिशेअर ४८.६५ रुपये अधिक मिळाले. प्रवर्तकाला एक भाव आणि सामान्य भागधारकाला दुसरा, असा भेद त्यामुळे टळला. मात्र हे संरक्षण प्रस्तावात शेअर देणाऱ्यांपुरतेच आहे. ज्यांनी ते आधीच बाजारात विकले किंवा स्वतःजवळ ठेवले, त्यांना हा फरक मिळत नाही. बाजारातील नेहमीच्या, वाटाघाटीविना झालेल्या खरेदीलाही हे कलम लागू होत नाही.