सात महिन्यांची नोकरी आणि ‘अस्थिर’ कामगार

कारखान्याच्या दारात मुलाखतीला आलेल्या तरुण कामगाराला हमखास विचारले जाते, “इतक्या नोकऱ्या का बदलल्या?” प्रश्नाचा रोख त्याच्या स्वभावावर असतो, उत्तर मात्र बहुधा कायद्याच्या आकड्यात दडलेले असते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा सलग एक वर्षाची मानली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ही कसोटी कायम आहे. सात महिन्यांचे दिवस साधारण 210 भरतात. सातव्या महिन्यात कामगाराला ‘ब्रेक’ का मिळतो, हे यावरून उमगावे. मालकाने घडवलेली अस्थिरता पुढे कामगाराच्याच माथी मारली जाते.

चाकणच्या पट्ट्यातील एखाद्या सीएनसी ऑपरेटरचे उदाहरण घ्यावे. दोन कारखान्यांत प्रत्येकी सात महिने, तिसऱ्यात तीन महिने; ठेकेदार तीन. अर्जात त्याने ठेकेदारांची नावे ओळीने लिहिली, तर तो भटक्या दिसतो. त्याऐवजी आधी “सीएनसी ऑपरेटर, एकूण सतरा महिने” असे लिहून त्याखाली प्रत्येक कारखान्याचे नाव, कंसात ठेकेदार, तारखा आणि “कंत्राटाची मुदत संपली” हे कारण द्यावे. धंदा एकच राहिला, बदलला तो ठेकेदार, हे वाचणाऱ्यास तत्काळ दिसते.

तिसरी नोकरी त्याने स्वतः सोडली असेल, तर तिच्यावर मुदत संपल्याचे पांघरूण घालू नये. “ओव्हरटाइमचा ठरलेला दर मिळाला नाही, म्हणून रीतसर सूचना देऊन सोडली” एवढे एक वाक्य पुरे. त्यापुढची तक्रार मुलाखतीत नव्हे, संघटनेच्या कचेरीत मांडावी. तीन महिन्यांची नोकरी अजिबात गाळण्याचा मोह घातक ठरतो, कारण भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख असते. लपवलेली नोकरी सापडली की खरी कारणेही खोटी वाटू लागतात.

याच नोंदीत आणखी एक घोळ होतो. ठेकेदार सोडल्याची तारीख भरत नाही आणि कामगार एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीत दिसतो. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ही तारीख सभासदाला स्वतः भरता येते. हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी आणि गेटपास जपून ठेवल्यास ती पडताळता येते.

या उपायांना मर्यादा आहेच. जो खरोखर दर दोन-तीन महिन्यांनी स्वेच्छेने सोडतो, त्याला नीटनेटका अर्ज वाचवणार नाही. परंतु ज्यांना सोडावे लागले, त्यांचे कागद एकत्र आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. कामगारांना हंगामी ठेवून वर्षानुवर्षे कायमपणापासून वंचित करण्याला कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटले आहे. एकेकट्या कामगाराच्या अर्जात जे त्याचे वैगुण्य दिसते, तेच एका कारखान्यातील पन्नास कामगारांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर मालकाविरुद्धचा पुरावा ठरते.