दुखणे थांबले म्हणजे स्नायू सावरले काय?

डोंबिवली पूर्वेच्या एका व्यायामशाळेच्या मागील अंगणात दोनशे लिटरचे एक निळे पिंप ठेवलेले असते, आणि आठवड्यातून दोनदा, वजन खांद्यावर घेऊन बैठकांचे सत्र संपले की, माझ्या परिचयातील एक तरुण त्या पिंपात बर्फाचे तुकडे ओतून कमरेपर्यंत बुडून बसतो. कारण विचारले तेव्हा तो सरळपणे म्हणाला, ‘काका, उद्या सकाळी स्टेशनचा जिना उतरताना मांड्या धरतात ना, त्या धरू नयेत म्हणून.’ त्याच्या उत्तरात काही गैर नाही. बर्फाच्या पाण्याने ते दुखणे कमी होते, ही गोष्ट २०१२ साली सतरा लहान प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन मान्य झालेली आहे. परंतु दुखणे कमी होणे आणि स्नायू सावरून पूर्वीपेक्षा बलवान होणे ह्या दोन भिन्न बाबी आहेत, आणि हा तरुण पहिलीसाठी दुसरीची किंमत मोजीत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

ह्याचा सर्वांत स्पष्ट दाखला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय असलेल्या एकवीस पुरुषांकडून त्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचा वजनी व्यायाम करवून घेतला. प्रत्येक सत्रानंतर एका गटाने दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे बसावे आणि दुसऱ्याने तितकाच वेळ सायकलीचे पायडल संथपणे मारावे, एवढाच काय तो फरक ठेवला. बारा आठवड्यांच्या अखेरीस चुंबकीय चित्रणाने मांडीचे स्नायू मोजले, तेव्हा पायडल मारणाऱ्यांच्या स्नायूंत सरासरी सुमारे तीनशे ग्रॅमची भर पडलेली आढळली, आणि थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंत जेमतेम शंभर ग्रॅमची. बळाच्या मोजणीतही तेच बसणारे मागे राहिले. म्हणजे घाम दोघांनी सारखाच गाळला. पण एकाच्या पदरी त्याचे पुरते फळ पडले आणि दुसऱ्याचे बरेचसे पाण्यात गेले.

असे का व्हावे? जड वजनाने स्नायूंच्या तंतूंना ताण बसला की पुढील काही तासांत पेशींमध्ये नवीन प्रथिने घडविण्याचे संकेत जागे होतात, आणि तंतूंच्या कडेला सुप्त असलेल्या राखीव पेशी दुरुस्तीसाठी पुढे येतात. त्याच संशोधकांनी व्यायामानंतर मांडीतून स्नायूचे बारीक नमुने काढून तपासले, तेव्हा थंडीने हे संकेत आणि ह्या पेशींची हालचाल, दोन्ही मंदावल्याचे दिसले. सूज उतरते म्हणून बर्फ गुणकारी, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत मात्र त्यांच्याच २०१७ सालच्या तपासणीत टिकली नाही, कारण संथ पायडल मारणाऱ्यांच्या आणि बर्फात बसणाऱ्यांच्या स्नायूंतील दाहाच्या खुणांत फरक आढळला नाही. थंडीने त्वचा बधिर होते, मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश सावकाश वाहतो, आणि माणसाला बरे वाटते. त्या बरे वाटण्यात विश्वासाचाही वाटा मोठा असतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१४ साली काही जणांना कोमट पाण्यात बसविले आणि त्यात साधे त्वचा धुण्याचे द्रावण टाकून ते ‘थकवा उतरविणारे तेल’ आहे असे सांगितले, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ पुढील दोन दिवसांत बर्फाच्या पाण्यात बसलेल्यांइतकेच परत आले.

शिवाय आपल्याकडच्या पिंपातले पाणी पुरेसे थंड तरी असते काय, ह्याची रुजुवात सहसा कोणी करीत नाही. ज्या प्रयोगांत गुण दिसला त्यांत पाणी बहुधा दहा ते पंधरा अंशांचे असते. आपल्याकडे नळाचे पाणी अठ्ठावीस अंशांचे आहे असे धरले, तर एकशे वीस लिटर पाणी बारा अंशांवर आणण्यास सुमारे एकवीस किलो बर्फ वितळावा लागतो. त्यात माणसाच्या अंगाची आणि हवेची उष्णता मिळविली की पंचवीस किलोंची तजवीज करणे भाग पडते. किराणा दुकानातून आणलेल्या बर्फाच्या दोन पिशव्यांनी पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, इतकेच. उलट बर्फ फार झाला तर छातीत धस्स होऊन श्वास अडकतो आणि रक्तदाब एकाएकी चढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ह्या वाटेला मुळीच जाऊ नये. काटकसर न करता पाण्यात एक तापमापक सोडावा, हे त्या तरुणास मी सांगितले आहे.

तरीही बर्फ सर्वांना वर्ज्य आहे असे माझे म्हणणे नाही. कबड्डीच्या स्पर्धेत ज्याला आज रात्री आणि पुन्हा उद्या सायंकाळी मैदानात उतरायचे आहे, त्याला त्या दोन दिवसांत स्नायू वाढवायचे नसतात, फक्त पाय हलके हवे असतात. त्याने अवश्य बसावे. मोसमाच्या आधीच्या महिन्यांत, जेव्हा बळ कमवायचे असते, तेव्हा वजनी व्यायामानंतर ते टाळावे.

बर्फाप्रमाणेच व्यायामानंतर वापरल्या जाणाऱ्या घट्ट मोज्यांचा आणि मसाज गनचा निवाडा ह्यापेक्षा थोडक्यात करता येतो. मॅरेथॉननंतर अठ्ठेचाळीस तास घट्ट मोजे घालणारे धावपटू पंधरा दिवसांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर थोडे अधिक टिकले, असे २०१५ च्या एका प्रयोगात आढळले. परंतु इतर प्रयोगांची बेरीज केली असता दुखण्यात किंचित उतार दिसतो आणि बळाबाबत निष्कर्ष परस्परविरोधी येतात. मुख्य अडचण दाबाची आहे. एकाच मापाचा मोजा एकाच्या पोटरीवर घट्ट बसतो आणि दुसऱ्याच्या पोटरीवर नुसता चिकटून राहतो, आणि खोक्यावर छापलेला दाब प्रत्यक्ष पायावर पडतोच असे नाही. मसाज गन पाच मिनिटे पोटरीवर फिरविल्यास घोटा पाच-एक अंश अधिक वाकतो, हे २०२० साली दिसले; बळ वाढले नाही, घटलेही नाही. ती हाडावर, मानेच्या बाजूस किंवा सुजलेल्या जागी चालवू नये, आणि काळजीपूर्वक हाताळावी: तिच्या वापरानंतर स्नायूंचे तंतू विरघळून लघवी तांबूस झाल्याची एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे.

ज्या ठिकाणी बर्फाच्या पाण्याची उपयुक्तता निर्विवाद आहे, तेथे मात्र ते क्वचितच तयार ठेवलेले असते. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनसारखी शर्यत ऐन पावसाळ्यात होते, तेव्हा हवा थंड भासली तरी इतकी दमट असते की घाम अंगावरून उडत नाही आणि शरीराची उष्णता आत कोंडते. धावणारा लटपटू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि अंतर्भागाचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले, तर तो उष्माघात होय, आणि पहिल्या अर्ध्या तासात ते एकोणचाळीसच्या आसपास उतरविणे हाच त्यावरील उपाय. काखेतील तापमापक अशा वेळी फसवतो. गुदमार्गाने घेतलेले तापमानच ग्राह्य धरावे लागते. अमेरिकेतील फालमथच्या शर्यतीत अठरा वर्षांत असे दोनशे चौऱ्याहत्तर रुग्ण शर्यतीच्या जागीच बर्फाच्या पाण्यात उतरविले गेले आणि त्यांतील एकही दगावला नाही. आपल्याकडे प्रथम रुग्णवाहिका बोलावण्याचा शिरस्ता आहे, आणि रविवारीसुद्धा घोडबंदर रस्त्याची अवस्था ठाणेकरांस ठाऊक आहे. आधी थंड करावे, मग हलवावे, हा क्रम आयोजकांनी लेखी ठरवावा, आणि शेवटच्या रेषेजवळ एक टब, पन्नास-साठ किलो बर्फ व तापमान घेऊ शकणारा डॉक्टर एवढी व्यवस्था ठेवावी. टब नसेल तर ताडपत्री चालते: चौघांनी तिची टोके उचलून धरावी, रुग्णास मध्ये निजवावे, डोके पाण्याबाहेर राहील असे एकाने धरावे, आणि बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादल्या ओतीत ते पाणी सतत हलवीत राहावे.