विनोद आहे असं लिहून सही कोण करणार?

दक्षिण यॉर्कशरमध्ये ६ जानेवारी २०१० रोजी बर्फ पडत होता आणि डोंकास्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला होता. नऊ दिवसांनी तिथूनच बेलफास्टला जायचं ठरवलेला पॉल चेम्बर्स हा सव्वीस वर्षांचा तरुण वैतागला. ट्विटरवर ओळख झालेल्या मैत्रिणीला तो भेटायला जाणार होता. त्याच ट्विटरवर त्याने चार शब्द फेकले: आठवड्याहून थोडी जास्त मुदत देतो, तेवढ्यात कारभार सुधारा, नाहीतर विमानतळ उडवून देईन. सोबत एक शिवीही होती. त्याचं लिखाण वाचणारे सुमारे सहाशे जण होते. त्यांतला एकही घाबरला नाही.

पाच दिवस काहीच घडलं नाही. मग विमानतळाचा एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी घरी बसून भलतंच काही शोधत असताना त्याला ती ओळ दिसली. त्याने ती सुरक्षाप्रमुखाला कळवली. सुरक्षाप्रमुखाने ती ‘विश्वासार्ह नाही’ या वर्गात टाकली. विमानतळाचं एकही उड्डाण थांबलं नाही, एकही जादा माणूस पहाऱ्यावर लागला नाही. पण विश्वासार्ह नसलेली धमकीही पोलिसांकडे पाठवायची असा नियम होता, म्हणून त्याने ती पाठवली. पोलिसांनी १३ जानेवारीला चेम्बर्सला कामाच्या जागेवरून उचललं. चौकशीनंतर पोलिसांच्याच नोंदीत आलं की हा मूर्खपणाचा विनोद असून त्यापलीकडे काही असल्याचा पुरावा नाही. एवढं लिहूनही प्रकरण सरकारी वकिलांकडे गेलं.

बॉम्बच्या खोट्या बातमीचं कलम इथे लागेना, कारण त्यासाठी समोरच्याला ते खरं वाटावं असा हेतू दाखवावा लागतो. म्हणून २००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम १२७ काढलं गेलं. सार्वजनिक दूरसंचार यंत्रणेवरून ‘धमकीवजा’ संदेश पाठवणं हा त्यातला गुन्हा. मुळात हे टेलिफोनवरून त्रास देणाऱ्यांसाठीचं कलम, त्याचं बूड १९३५ च्या टपाल कायद्यात. मे २०१० मध्ये डोंकास्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने चेम्बर्सला दोषी ठरवलं. दंड आणि खर्च मिळून सुमारे हजार पौंड त्याच्या डोक्यावर बसले. नोकरी गेलीच होती.

ती ओळ रातोरात पसरली ती त्यानंतर कित्येक महिन्यांनी. नोव्हेंबर २०१० मध्ये डोंकास्टरच्याच क्राउन कोर्टाने त्याचं अपील फेटाळलं आणि हजारो लोकांनी तीच धमकी शब्दशः स्वतःच्या नावाने पुन्हा टाकली, वर #IAmSpartacus अशी खूण जोडून. ‘स्पार्टाकस’ चित्रपटात पकडलेले गुलाम एकापाठोपाठ एक उभे राहून ‘मीच स्पार्टाकस’ म्हणतात, तसं. सहाशे जणांपुरती असताना जी ओळ धोकादायक ठरली, ती हजारोंनी लिहिल्यावर कुणालाच धोकादायक वाटली नाही. पुनरुच्चार करणाऱ्यांना कुणी पकडलं नाही. वाक्य तेच, कलम तेच.

विमानतळवाल्यांची बाजूही हलकी नव्हती. अवघे बारा दिवस आधी, २००९ च्या नाताळात, डेट्रॉइटला उतरणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला होता. त्या जानेवारीत सुरक्षाप्रमुखाच्या खुर्चीत आपण असतो तर तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला असता का? मी टाकला नसता. तक्रार वर पाठवणाऱ्या पहिल्या माणसाला म्हणूनच मी दोष देणार नाही. पण ज्यांच्याकडे चौकशीचे अधिकार होते आणि ज्यांना चौकशीत काही सापडलं नाही, त्यांनी पुढे काय केलं हा प्रश्न वेगळा. प्रत्येकाला आतून ठाऊक होतं की हा विनोद आहे, पण ‘विनोद आहे’ असं लिहून खाली सही करणं हे कुणाचंच काम नव्हतं. निष्काळजी पोस्टइतकीच ही निष्काळजी टपाली वहिवाटही त्या माणसाला महागात पडली.

ती सही अखेर झाली २७ जुलै २०१२ रोजी. त्याआधी दोन न्यायमूर्तींसमोर सुनावणी झाली होती, पण त्यांचंच एकमत होईना. म्हणून लॉर्ड चीफ जस्टिस लॉर्ड जज यांच्यासह तिघांच्या पीठापुढे प्रकरण पुन्हा चाललं. त्यांनी लावलेली कसोटी साधी आहे: संदेश ज्यांच्यापर्यंत पोचला किंवा पोचेल असं धरता येतं, त्यांच्या मनात तो भीती निर्माण करतो का? करत नसेल तर तो धमकीवजा नाही. खरी धमकी देणारा स्वतःचं नाव आणि फोटो लावून, आठवड्याची आगाऊ सूचना देऊन, ती विमानतळाऐवजी मित्रांना कळवत नाही. शिक्षा रद्द झाली. अडीच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

मराठी वाचकाला हे कलम परकं वाटू नये. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ याच इंग्रजी शब्दांवर बेतलेलं होतं. फरक असा की तिकडे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, आपल्याकडे तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि दुसरीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ रद्द केलं. न्या. नरिमन यांनी त्या निकालात चेम्बर्सच्या खटल्याचाही दाखला दिला: तीच ओळ, तेच पुरावे, आणि प्रशिक्षित न्यायाधीश दोन टोकांच्या निष्कर्षांना पोचतात, मग सामान्य माणसाने काय लिहावं न लिहावं हे कसं ओळखायचं?

इथे थांबलं तर बाजू सोपी होते. ती तशी नाही. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला आणि हल्लेखोराबद्दलची खोटी माहिती काही तासांत सगळीकडे गेली. दुसऱ्या संध्याकाळी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला. खुनाच्याच दिवशी नॉर्थॅम्प्टनच्या एका बाईने निर्वासितांची हॉटेलं पेटवण्याची भाषा केली. साडेतीन तासांत तिने ती पोस्ट काढून टाकली. तेवढ्यात ती तीन लाख दहा हजार वेळा पाहिली गेली होती. वांशिक द्वेष भडकवण्याच्या वेगळ्या कायद्याखाली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला ३१ महिन्यांची शिक्षा झाली. ती मुदत फार आहे असं म्हणणारे बरेच आहेत, आणि मलाही ती लांब वाटते. पण लॉर्ड जज यांचाच प्रश्न इथे विचारा: त्या दिवशी अशा हॉटेलात राहणाऱ्या माणसाने ती ओळ वाचली असती तर? ‘रागाच्या भरात लिहिलं, लगेच पुसलं’ हा बचाव चेम्बर्सच्या बचावासारखा ऐकू येतो, पण वाचणारा बदलला की ओळीचं वजन बदलतं.

म्हणून मला कलमातल्या शब्दांपेक्षा ते शब्द कुणाच्या हातून जातात याची काळजी जास्त वाटते. त्या वेळचे सरकारी अभियोग प्रमुख कीर स्टार्मर यांनी जून २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: खरी धमकी, छळ आणि न्यायालयाच्या आदेशाचा भंग एका बाजूला, आणि केवळ आक्षेपार्ह बोलणं दुसऱ्या बाजूला. त्या दुसऱ्या बाजूसाठी खटल्याचा उंबरठा उंच ठेवला गेला. ही सरकारी वकिलासाठीची सही झाली. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला तसा अधिकार लेखी हवा: पाहिलं, विचारलं, काही नाही, बंद. आणि असं लिहिणारा एखाद्या वेळी चुकला तर त्याचा बळी जाणार नाही ही हमीही हवी, नाहीतर तो शिक्का कुणी उचलणार नाही. २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टने जाणूनबुजून खोटं पसरवण्यासाठी नवा गुन्हा आणला, तरी ज्या उपकलमाखाली चेम्बर्स सापडला ते आजही पुस्तकात आहे.